कथा: ऐंशी हजार नावे

वारणाकाठ (धागालेखिका)

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्र्यांचे हिशेब बरीच वर्षं पाहते आहे. त्यातून ही कथा सुचली. कंपनी आणि माणसं काल्पनिक आहेत, हिशेब मात्र जसे असतात तसेच ठेवले आहेत. कथेबद्दल बोलाच, पण हिशेबाबद्दलही मोकळेपणाने बोला.

---

सन्ड्री क्रेडिटर्स एक कोटी बेचाळीस लाख, जमा. गेल्या वर्षीच्या आसपासच. मार्च २०२४ ची तेरीज काढताना सायलीला त्या आकड्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. भंगार, पिग आयर्न, वाळू, रेझिन, भाड्याच्या गाड्या, ज्यांचे पैसे द्यायचे आहेत अशा सगळ्यांची ती बेरीज होती.

पण टॅली गटापुढे जो आकडा दाखवते तो वजाबाकी होऊन आलेला असतो. शंभर लोकांचं देणं आणि दहा लोकांकडचं येणं एकाच गटात असेल तर येणं देण्याच्या पोटात गडप होतं, आणि वर एक गुळगुळीत आकडा दिसतो. सायलीने गट उघडला, नावे बाजूची, म्हणजे येणं दाखवणारी खाती तेवढी वेगळी काढली आणि एकेक करून तपासायला घेतली. बहुतेकांचा उलगडा लगेच झाला. वाळूवाल्याला २८ मार्चला पैसे गेले होते आणि त्याचं बिल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागलं होतं. एका ट्रान्सपोर्टवाल्याला जादा गेलेले पैसे पुढच्या बिलात वळते झाले होते.

एक खातं मात्र हलेना. उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपचं, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने करून देणाऱ्या दुकानाचं, ८०,००० रुपये नावे. वर्षाची सुरुवातीची शिल्लक ८०,००० आणि अखेरची शिल्लकही ८०,०००, मध्ये एकही नोंद नाही. त्याच्या आदल्या वर्षी तेच. मागे जाता जाता ९ सप्टेंबर २०२१ चं एक पेमेंट व्हाउचर लागलं. खाली लिहिलं होतं, 'पंप केसिंग पॅटर्न, ५० टक्के अ‍ॅडव्हान्स'.

आधीचे अकाउंटंट काका २०२२ साली निवृत्त झाले होते. तिने फोन लावला.

"ते होय? ते दरवर्षी आपण 'अ‍ॅडव्हान्स टू सप्लायर्स'मध्ये टाकतो," काका म्हणाले. "एक्सेलमध्ये. ताळेबंद करताना क्रेडिटर्समधनं काढायचं आणि तिकडं ठेवायचं."

"पण काका, ह्याचं पुढं काय झालं?"

"पुढचं खरेदी खात्याला माहीत असणार बघ. आम्हाला बिल आलं असतं तर आम्ही लावलंच असतं की."

मालकांना वर्षअखेरीची यादी दाखवायची होतीच. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली. "मिस्त्रींचं? त्यांचं दुकान कधीच बंद पडलंय गं. आता कुठनं मागायचे? राइट ऑफ करून टाक."

सायलीने जर्नल व्हाउचर उघडलं. बॅलन्सेस रिटन ऑफ, नावे ८०,०००. पॅटर्न शॉप, जमा ८०,०००. खाली कारण लिहायच्या जागी कर्सर लुकलुकत होता. 'वसूल होत नसल्याने' असं लिहायचं, तर वसुलीचा प्रयत्न कुणी केला होता? एक पत्र नाही, एक फोन नाही. तिने व्हाउचर तसंच बंद केलं आणि परचेस ऑर्डरची जुनी फाइल काढायला सांगितली.

ऑर्डर सापडली. अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न आणि दोन कोअर बॉक्स, किंमत १,६०,००० अधिक जीएसटी. खाली अट होती: निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले सँपल पास झाल्यावर बिलापोटी. म्हणजे माल येणं आणि बिल येणं ह्या दोन वेगवेगळ्या वेळच्या गोष्टी होत्या. बिल आलं नाही एवढ्यावरून माल आला नाही असं म्हणता येणार नव्हतं. पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेली बिलं ज्यात उतरतात त्या GSTR-2B च्या त्या काळातल्या फाइली घेऊन तिने मिस्त्रींच्या जीएसटी नंबरने शोधलं. काही नाही. बिल खरोखरच निघालेलं नव्हतं.

स्टोअरकडे मालाच्या पावतीची नोंदही नव्हती. मग राहिलं गेटचं आवक-जावक रजिस्टर. जुनी रजिस्टरं माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली. वॉचमनमामांनी पोतं खाली घेतलं, धूळ झटकली आणि तेही शेजारी बसून पानं उलटू लागले. २२ नोव्हेंबर २०२१ च्या पानावर निळ्या शाईत होतं: पॅटर्न १, कोअर बॉक्स २, चलनाने, टेम्पो. २ डिसेंबरला तोच माल 'दुरुस्तीसाठी परत' बाहेर गेलेला. ११ डिसेंबरला पुन्हा आत.

पॅटर्न स्टोअरमध्ये तिने नंबर सांगितला तेव्हा तिथला माणूस शोधायलाही गेला नाही.

"हा? हा चालू पॅटर्न आहे, मॅडम. गेल्या आठवड्यात लाइनवर होता."

रॅकच्या खालच्या फळीवर तो होता. कडा वापराने चकचकीत झालेल्या, डॉवेल पिनांच्या भोवती काळी वाळू बसलेली, बाजूला खडूने लिहिलेला कास्टिंगचा नंबर. सायलीने त्याचा फोटो काढला.

ऑफिसात येऊन तिने विक्रीची बिलं चाळली, कारण पंपवाल्या गिऱ्हाइकाचं काम अजून चालू होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना एक बिल गेलं होतं: पॅटर्न डेव्हलपमेंट चार्जेस, १,८५,००० अधिक जीएसटी. मार्चमध्ये पैसे जमा.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांच्या टेबलावर तीन कागद ठेवले. सप्टेंबरचं व्हाउचर, गेट रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आणि गिऱ्हाइकाला दिलेलं बिल.

"साहेब, हे आपलं येणं नाही. आपलं देणं आहे."

मालकांनी तिन्ही कागद दोनदा वाचले. "त्यांनी कधी मागितले नाहीत."

"नाही मागितले."

"नोव्हेंबरात तीन वर्षं होतील ह्याला." स्वतःची वसुली करून करून मुदतीचा कायदा त्यांना पाठ झाला होता. ते पुढे काही बोलले नाहीत. सायलीही थोडा वेळ गप्प राहिली.

"ते तुम्ही ठरवा, साहेब. पण ताळेबंदात मी हे काय म्हणून दाखवू? अ‍ॅडव्हान्स म्हणून ठेवलं तर आपण कुणाकडून तरी ऐंशी हजार घेणं लागतो असं होतं. राइट ऑफ केलं तर मिस्त्रींनी आपले पैसे बुडवले असं होतं. पॅटर्न खाली रॅकवर आहे."

"काय करायचं म्हणतीस?"

"खर्च एक लाख साठ हजार नावे टाकायचा, मागल्या वर्षाचा म्हणून. तेवढेच त्यांच्या खात्याला जमा. त्यांचं खातं ऐंशी हजार नावे आहे ते ऐंशी हजार जमा होईल. जीएसटीचं बिल आल्यावर बघू."

"म्हणजे नफा दीड लाखानं खाली."

"एक लाख साठ हजारानं. तो नफा दोन वर्षांपूर्वीच जास्त दाखवला गेलाय."

मालक खुर्चीत मागे रेलले. "फोन लाव मिस्त्रींना," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नको. जाऊन ये. सोबत ऑर्डरची कॉपी घे."

उद्यमनगरातलं दुकान बंदच होतं. शेजारच्या वर्कशॉपमधून घराचा पत्ता मिळाला. मिस्त्री बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. सुनेने चहा टाकला. सायलीने कंपनीचं नाव सांगितल्यावर त्यांनी डाव्या हाताने तिला बसायची खूण केली. शब्द जड येत होते, पण प्रश्न स्पष्ट होता.

"सँपल पास झालं का?"

ऑर्डरमधली अट तिला आठवली. सँपल पास झाल्याचं कळवल्यावर बिल द्यायचं होतं. कळवायचं काम कंपनीचं होतं.

"झालं, काका. फेब्रुवारी २०२२ मध्येच झालं."

त्यांनी मान हलवली. सुनेने कपाटातून बिलबुक आणलं, जीएसटी नंबर छापलेलं, अर्ध्याहून अधिक कोरं. "पण ताई, मामंजींना अ‍ॅटॅक आल्यावर गेल्या वर्षी आम्ही जीएसटी नंबर बंद करून घेतला," ती म्हणाली. "आता हे बिल कशावर द्यायचं?"

ह्याचं उत्तर सायलीकडे नव्हतं. तिने बिलबुकाच्या शेवटच्या बिलाचा फोटो घेतला, बँक खात्याचा तपशील लिहून घेतला आणि उद्या विचारून सांगते म्हणाली.

---

अनुजा_स

कथा फार आवडली. "सँपल पास झालं का?" वाचून थांबले. त्यांनी मागितले नाहीत ह्याचं कारण त्या एका वाक्यात आहे. मी अकाउंट्समधली नाही, म्हणून विचारते: ऑडिटर दरवर्षी येतात ना? त्यांना कसं दिसलं नाही?

जुना_ऑडिटर

अनुजा, दिसतं, पण बेरजेत दिसतं. समजा अ‍ॅडव्हान्सेसचा एकूण आकडा सात-आठ लाख आहे आणि त्यात दोन मोठी खाती पाच लाखांची आहेत. आम्ही ती दोन तपासतो, पार्टीकडून शिल्लक कबूल करून घेतो, आणि बाकीच्यांवरून नजर फिरवतो. ऐंशी हजार त्यात निसटतात. पुन्हा हा आकडा दरवर्षी एक्सेलमध्ये उचलून ठेवला जात होता, त्यामुळे तो आधीपासून वर्गवारी झालेला, नीटनेटका दिसतो. जिथे कुणीतरी विचार करून ठेवलंय असं वाटतं तिथे पुढचा माणूस विचार करत नाही.

लेखिकेने पकडलेली खूण अचूक आहे. सुरुवातीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक तीच, मध्ये हालचाल नाही. मी आर्टिकलच्या मुलांना सांगायचो, रक्कम मोठी आहे का हे नंतर बघा, आधी न हललेली खाती काढा. पुरवठादाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स सहा महिने तसाच पडून असेल तर चार गोष्टी असू शकतात. माल आलाच नाही, माल आला पण बिल नाही, बिल आलं पण दुसऱ्या नावाच्या खात्यात लागलं, किंवा ऑर्डर रद्द झाली. माझ्या अनुभवात तिसरी सर्वांत जास्त. 'श्री' आणि 'श्रीराम' अशी एकाच माणसाची दोन खाती असतात, एकात अ‍ॅडव्हान्स पडून आणि दुसऱ्यात बिलाचे पूर्ण पैसे पुन्हा गेलेले. तिथे खरोखर पैसे परत मागायचे असतात. म्हणून जीएसटी नंबर किंवा पॅनने शोधायचं, नावाने नाही.

मिरजकर

कथा चांगली, पण मालकाचं म्हणणं मला व्यवहाराला धरून वाटलं. राइट ऑफ केलं असतं तर ८०,००० ची बॅड डेट म्हणून इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळालीच असती. आणि मुदत म्हणाल तर पैसे सप्टेंबर २०२१ ला दिले, म्हणजे सप्टेंबर २०२४ ला विषय संपतो, नोव्हेंबर नव्हे.

जुना_ऑडिटर

मिरजकर, बॅड डेट म्हणून नाही मिळणार. बुडीत येणं म्हणून वजावट हवी तर ती रक्कम आधी कधीतरी उत्पन्नात धरलेली असावी लागते. विक्रीचे पैसे बुडाले तर विक्री उत्पन्नात आलेली असते, म्हणून चालतं. पुरवठादाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स कधीच उत्पन्नात नव्हता. कच्च्या मालासाठी दिलेला अ‍ॅडव्हान्स बुडाला तर धंद्यातलं नुकसान म्हणून मागता येतो, तिथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मशीनसाठी दिलेला असेल तर भांडवली म्हणून तेही नाकारतात. आणि कुठल्याही वाटेने गेलात तरी बुडाला हे दाखवावं लागतं. इथे पॅटर्न रोज वाळूत बसतोय.

अ‍ॅड_कराड

मुदतीबद्दल. दोन वेगळी घड्याळं आहेत आणि मिरजकरांनी ती एकत्र केली. कंपनीला अ‍ॅडव्हान्स परत मागायचा असता तर तीन वर्षं पैसे दिल्यापासून नव्हे, ज्यासाठी दिले ते फसलं त्या दिवसापासून मोजली असती. ऑर्डर मार्च २०२३ ला रद्द झाली असती तर तिथून. पण इथे मागणारे मिस्त्री आहेत. विकून पोचवलेल्या मालाच्या किमतीला, उधारीची मुदत ठरलेली नसेल तर, माल पोचल्यापासून तीन वर्षं. मालकांनी नोव्हेंबर म्हटलं ते त्या हिशेबाने. मी मिस्त्रींचा वकील असतो तर म्हटलं असतं की माल दुरुस्त होऊन ११ डिसेंबरला खऱ्या अर्थाने पोचला, आणि पैसे तर सँपल पास झाल्यावर द्यायचे होते, जे कंपनीने कळवलंच नाही. कोर्ट कुठली तारीख धरेल हे छातीठोक सांगता येत नाही.

कथेत न आलेली एक गोष्ट सांगतो. मुदत संपायच्या आत कंपनीने 'तुमचे इतके देणे आहोत' असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. ताळेबंदातली नोंदसुद्धा अशी कबुली ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलंय. म्हणजे सायलीने खातं जमा बाजूला नेलं आणि ताळेबंदावर सह्या झाल्या, की मिस्त्रींची बाजू आपोआप भक्कम होते. मालकाला हे कळलं असतं का, असा मला प्रश्न पडला.

वारणाकाठ

अ‍ॅड_कराड, माझ्या मनातल्या मालकाला ते कळलेलं आहे. म्हणूनच तो "फोन लाव" वरून "जाऊन ये" वर येतो. फोनवर बोलणं हवेत राहतं. ऑर्डरची कॉपी घेऊन माणूस घरी पाठवला की मागे फिरता येत नाही.

हेमांगी_ठाणे

माझ्याकडे अगदी हेच झालंय! आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत एका पार्टीचा चार लाखांचा अ‍ॅडव्हान्स दीड वर्षापासून पडून आहे. त्यांनी मशीनच्या सुट्या भागांची ऑर्डर दिली आणि नंतर माल उचललाच नाही. आता हा आम्ही उत्पन्नात घेऊ शकतो का? मेल केला तर उत्तर देत नाहीत.

जुना_ऑडिटर

हेमांगी, तुमचं उलट आहे. कथेत कंपनीने पैसे दिलेत, तुम्ही घेतलेत. तुमचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. कंपनीने मालापोटी घेतलेला अ‍ॅडव्हान्स ३६५ दिवसांत मालात वळता झाला नाही, तर कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे तो ठेव मानला जाऊ शकतो, आणि ठेवी घेण्याचे नियम कडक आहेत. उत्पन्नात घ्यायचं नंतर बघा. आधी पार्टीला रजिस्टर पोस्टाने लिहा, ऑर्डर जिवंत आहे की रद्द ते लेखी घ्या, आणि ही रक्कम तुमच्या सीएंच्या नजरेला आणा. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर बोलू.

हेमांगी_ठाणे

अरे बापरे. हे कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच बोलते सीएंशी.

फाउंड्रीवाला

तीस वर्षं ह्याच धंद्यात आहे. एका ठिकाणी वाचक अडखळतील म्हणून लिहितो: एवढा लाखाचा पॅटर्न आत आला आणि स्टोअरला पावतीची नोंद नाही, हे कसं? तर हे आमच्याकडे सर्रास होतं. पॅटर्न बहुतेक गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. गिऱ्हाईक स्वतः पाठवतो किंवा डेव्हलपमेंटचे पैसे देऊन आमच्याकडून करून घेतो. म्हणून स्टोअरवाल्याच्या डोक्यात पॅटर्न म्हणजे 'पार्टीचा माल', तो खरेदीच्या रजिस्टरला चढत नाही. थेट पॅटर्न शॉपला जातो आणि तिथल्या वहीत नंबर पडतो. अकाउंट्सला वास लागत नाही.

दुरुस्तीला परत जाणंही अगदी खरं. पहिलं कास्टिंग ओतल्यावर आकसण्याचा अंदाज चुकलेला दिसतो, नाहीतर मशिनिंगला मटेरियल कमी पडतं, मग मिस्त्री येऊन घेऊन जातो. ह्या ये-जा मध्ये बिल पुढं पुढं ढकललं जातं. सँपल पास व्हायला गिऱ्हाईक कधी तीन महिने लावतो. तोवर मिस्त्री चार दुसरी कामं करतो आणि तोंडी विचारत राहतो, "झालं का?" लिहून कुणी देत नाही.

आम्ही आता एक केलंय. गिऱ्हाइकाला डेव्हलपमेंटचं बिल काढायचं असेल तर त्याच्या फाइलला पॅटर्नवाल्याचं बिल जोडलेलं असलं पाहिजे. नसेल तर आमचं बिल निघत नाही. तेव्हापासून असं खातं राहिलेलं नाही.

अनुजा_स

फाउंड्रीवाला, तुमच्या प्रतिसादामुळे तो रॅकवरचा पॅटर्न आणखी नीट दिसला.

करसल्ला_सांगली

शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो खरा अवघड आहे. नंबर रद्द झाल्यावर मिस्त्री नवीन जीएसटी बिल देऊ शकत नाहीत. जुन्या बिलबुकावर मागली तारीख टाकून तर मुळीच नको, कुणी तसा सल्ला देईल म्हणून आधीच सांगतो. पण माल दिला तेव्हा ते नोंदणीकृत होते, आणि नंबर बंद केला म्हणून त्या काळातला कर माफ होत नाही. १,६०,००० वर १८ टक्क्यांनी २८,८०० होतात. ते त्यांना DRC-03 ने स्वतःहून भरता येतील, वर व्याज. आणि कंपनीला त्याचं क्रेडिट, म्हणजे तो कर स्वतःच्या करातून वळता करणं, मिळणार नाही, कारण हातात कराचं बिलच नाही.

मिरजकर

पण नंबर चालू करून घेऊन आज २०२४ च्या तारखेचं बिल दिलं तर? क्रेडिटची मुदत बिलाच्या वर्षावरून मोजतात. आजचं बिल म्हणजे पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे.

करसल्ला_सांगली

मुदत बिल ज्या वर्षाचं त्यावरून, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ते बिल 'ज्या वर्षाचं' म्हणजे छापलेल्या तारखेचं की जेव्हा द्यायला हवं होतं त्या वर्षाचं, ह्यावर अधिकारी वाद घालणार. पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल पसंती कळल्यावर किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी होईल तेव्हा द्यायचं असतं. सँपल फेब्रुवारी २०२२ ला पास झालं, म्हणजे ते २०२१-२२ चंच बिल, आणि त्याची मुदत नोव्हेंबर २०२२ ला गेली. २८,८०० साठी आजारी माणसाचा नंबर पुन्हा उघडून त्याच्यामागे महिन्याची रिटर्न लावायची का, हेही बघा.

मिरजकर

माझ्या ओळखीत एकाने असं क्रेडिट घेतलंय आणि अजून नोटीस नाही. तुमचा मुद्दा मान्य, पण दरवाजा अगदीच बंद आहे असं मला वाटत नाही.

जुना_ऑडिटर

नोटीस यायची वेळ अजून गेलेली नाही, मिरजकर. मी मात्र वेगळं सांगतो. मागल्या वर्षाचा खर्च म्हणून १,६०,००० टाकले की टॅक्स ऑडिटच्या अहवालात तो वेगळा दाखवावा लागतो, आणि अधिकारी विचारू शकतो की हा २०२१-२२ चा खर्च आज का? तेव्हा सायलीने जमवलेले ते तीन कागद आणि पॅटर्नचा फोटो उपयोगी पडतील. गिऱ्हाइकाचं उत्पन्न त्या वर्षी दाखवलेलं आहे, खर्च सुटला होता, हे कागदावर दिसतं. तरी वजावट नक्की मिळेल असं मी लिहून देणार नाही.

अनुजा_स

एक विचारू? कथेत मालक ऐंशी हजार द्यायला तयार होतो. पण अडीच वर्षं पैसे अडकले त्याचं व्याज? आणि ते २८,८०० कुणी भरायचे? बिल वेळेवर मागितलं असतं तर मिस्त्रींनी तो कर कंपनीकडून घेऊनच भरला असता.

करसल्ला_सांगली

कर कंपनीनेच सोसावा. ऑर्डरमध्ये 'अधिक जीएसटी' लिहिलंय आणि उशीर कंपनीमुळे झालाय, तेव्हा २८,८०० आणि त्यावरचं व्याज दोन्ही. म्हणजे मिस्त्रींना ऐंशी हजार न जाता १,०८,८०० आणि कराच्या व्याजाची रक्कम जायला हवी. उशिराचं व्याज म्हणाल तर मिस्त्रींची उद्यम नोंदणी होती का ह्यावर आहे. असेल तर लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, आणि तो आकडा किरकोळ नसतो. नसेल तर त्या कायद्याचा आधार घेणं कठीण.

फाउंड्रीवाला

उद्यमनगरातल्या कितीतरी मिस्त्र्यांची ती नोंदणी नसते. कर्ज काढायची वेळ आली की करतात. माझ्या मते मालकानं नोंदणी विचारत बसू नये.

वारणाकाठ

अनुजा, हा प्रश्न मी मुद्दाम कथेबाहेर ठेवला होता, पण टाळायचा म्हणून नाही. सायली परत गेल्यावर पहिली चिठ्ठी तीच लिहिणार आहे असं मला वाटतं: मूळ बाकी ८०,०००, जीएसटी २८,८००, कराचं व्याज, आणि चौथ्या ओळीत 'उशिराचं व्याज, साहेबांनी ठरवायचं'. मालक त्या चौथ्या ओळीपुढे काय लिहील ह्यावर माझं अजून ठरत नाहीये. करसल्ला_सांगली, DRC-03 मिस्त्रींच्या रद्द झालेल्या नंबरावरून भरता येतो की त्यासाठी वेगळी तात्पुरती ओळख काढावी लागते? दुसरा भाग लिहिताना ते नीट हवं आहे.

करसल्ला_सांगली

जुन्या लॉगिनने उघडून बघायला सांगा आधी. नाही उघडलं तर ते ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतात तिथे अर्ज घेऊन जावं लागेल. माझ्या एका पक्षकाराचं असंच प्रकरण चालू आहे, पुढच्या आठवड्यात तिकडे जातोय. काय होतं ते इथेच लिहितो.